शुक्रवारी रात्री अकरा ते शनिवारी संध्याकाळी सहा

२३ मे २०२१ रोजी, रविवारी, मध्यरात्रीनंतरच्या पहिल्या मिनिटापासून दुपारी दोन वाजेपर्यंत देशभरात एनईएफटीने पैसे पाठवता येणार नव्हते. रिझर्व्ह बँकेने त्याची सूचना आधीच काढली होती. सूचना अगदी छोटी होती. शनिवारचे कामकाज संपल्यावर यंत्रणेत तांत्रिक सुधारणा होणार आहे. रविवारी ००:०१ ते १४:०० सेवा मिळणार नाही. या काळात आरटीजीएस नेहमीप्रमाणे चालू राहील. बँकांनी आपल्या ग्राहकांना कळवावे, म्हणजे ते देण्याघेण्याची आखणी करू शकतील. आणि सदस्य बँकांना घडामोडी एनईएफटीच्या यंत्रणेतूनच कळत राहतील. त्याच्या महिनाभर आधी, १८ एप्रिलच्या रविवारी, आरटीजीएस मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत बंद ठेवले होते. तेव्हा एनईएफटी चालू होते. दोन वाटांपैकी एका वेळी एकच बंद होती.

पूर्वी अशा सूचनेची फारशी गरज पडत नसे, कारण बँका रात्री बंदच असत. पण १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास झाले, १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसही. यूपीआयला तर रात्र ठाऊकच नाही. पहाटे साडेतीनला नाशिकच्या बाजारात भाजीचे पैसे मोबाईलवरून चुकते होत असतात. आता यंत्रणा थांबवायची म्हणजे कोणाचे तरी काम थांबणारच, आणि ते कोणाचे, हे थांबवणाऱ्याने आधी सांगायला हवे.

बँक आपले जुने सॉफ्टवेअर सोडून नव्यावर जाते, त्या शेवटच्या उडीला या क्षेत्रात ‘कटओव्हर’ म्हणतात. तयारी वर्ष-दीड वर्ष चालते, उडी मात्र एका रात्रीत मारावी लागते. खातेदाराला या सगळ्यातले एकच दिसते, ते म्हणजे ‘अमुक ते अमुक वेळेत सेवा बंद राहील’ असा संदेश. बहुतेक जण तो वाचतही नाहीत. माझे म्हणणे असे की तो नीट वाचावा, कारण आतली तयारी किती झाली आहे हे त्यातल्या वेळांवरून आणि नेमकेपणावरून बाहेरच्या माणसालाही ओळखता येते. आत ज्याचा निर्णयच झालेला नाही, तिथे सूचना गुळमुळीत होते.

एक काल्पनिक, पण अगदी नेहमीचे उदाहरण घेऊ. पश्चिम महाराष्ट्रातली एक नागरी सहकारी बँक, चाळीस शाखा, नव्वद हजारांच्या आसपास खाती. तिला नव्या कोअर बँकिंग सॉफ्टवेअरवर जायचे आहे. पहिला प्रश्न दिवसाचा. महिन्याची पहिली तारीख नको, पगार आणि पेन्शन जमा होतात. ५, ७ आणि १० या तारखा नकोत, कर्जाचे हप्ते त्याच दिवशी वळते होतात. मार्चअखेर तर विचारातही घ्यायची नाही. उरतो महिन्यातला दुसरा किंवा चौथा शनिवार. त्या दिवशी बँका बंद असतात आणि पाठोपाठ रविवार येतो, म्हणजे काही बिघडलेच तर एक दिवस हाताशी राहतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या एचडीएफसी बँकेने १३ जुलै २०२४ रोजी आपली कोअर बँकिंग यंत्रणा नव्या प्लॅटफॉर्मवर नेली, तीही दुसऱ्या शनिवारीच. पहाटे तीन ते दुपारी साडेचार अशी वेळ जाहीर करून.

दिवस ठरला की तास मोजायचे. इथे रनबुक नावाचा दस्तऐवज कामाला येतो. त्यात प्रत्येक कामाची सुरुवात, शेवट, करणारा आणि तपासणारा लिहिलेला असतो. आपल्या बँकेच्या रनबुकात शुक्रवारी रात्री अकराला बाहेरच्या सगळ्या वाटा बंद होतात: एटीएम, यूपीआय, आयएमपीएस, मोबाईल ॲप. मग जुन्या यंत्रणेवरचा शेवटचा डे-एंड चालतो, व्याज मोजले जाते, दिवसाची खतावणी बंद होते. त्याला एक वाजतो. तीनपर्यंत संपूर्ण बॅकअप. तीन ते आठ या पाच तासांत सगळा डेटा जुन्यातून काढून, नव्या साच्यात बसवून, नव्या यंत्रणेत भरला जातो. आठ ते अकरा ताळमेळ. अकराला बँकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, आयटी प्रमुख, हिशेब विभागाचे प्रमुख आणि सॉफ्टवेअर कंपनीचा प्रतिनिधी एकत्र बसतात आणि पुढे जायचे की मागे फिरायचे, हे ठरवतात.

पुढे जायचे ठरले, तर काही शाखांमधून खरे व्यवहार करून पाहणे आणि मग एकेक वाट उघडणे याला पाच तास लागतात, म्हणजे दुपारचे चार. मागे फिरायचे ठरले, तर जुनी यंत्रणा पुन्हा उभी करून तिच्या वाटा जोडायलाही साधारण तेवढेच, म्हणजे पुन्हा चार. त्यावर दोन तास राखीव. म्हणून सूचनेत लिहायचे ‘शनिवारी संध्याकाळी सहा’. या आकड्यात मागे फिरण्याचा वेळही धरलेला असतो. काम सुरळीत झाले तर किती वाजतील एवढेच मोजून वेळ जाहीर करणारी बँक मोठी जोखीम पत्करते. सकाळी अकराला हिशेब जुळला नाही, तरी ‘चारला सुरू करू असे सांगितले आहे ना’ या दडपणाखाली ती पुढे रेटते. मागे फिरायला सूचनेत जागाच नसेल तर मागे फिरणे म्हणजे नामुष्की होऊन बसते, आणि नामुष्की टाळण्यासाठी घेतलेले निर्णय ठेवीदारांना महागात पडतात.

डेटा भरायला पाच तास लागतील हे कशावरून? रंगीत तालमीवरून. कटओव्हरआधी हाच सगळा प्रकार दोन-तीनदा खऱ्या आकाराच्या डेटावर करून पाहतात. पहिल्या वेळी हमखास जास्त वेळ लागतो, कारण जुन्या डेटातली घाण तेव्हा वर येते. जन्मतारखेच्या जागी पिनकोड असतो, एकाच माणसाचे तीन ग्राहक क्रमांक असतात. आपल्याकडे आणखी एक त्रास आहे. जुन्या काळी मराठी नावे युनिकोडऐवजी विशिष्ट फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत साठवलेली असतात, आणि नव्या यंत्रणेत ती निरर्थक चिन्हे होऊन उमटतात. हे सगळे साफ झाल्यावरच्या, शेवटच्या तालमीतले तास धरायचे. सॉफ्टवेअर विकणाऱ्याने कागदावर दिलेला अंदाज सूचनेत उतरवू नये.

ताळमेळाचे तीन तास मला या रात्रीचा गाभा वाटतात, म्हणून थोडे सविस्तर. आधी खाती मोजतात. जुन्यात ९०,४१२ आणि नव्यात ९०,४११ असतील, तर ते एक खाते सापडेपर्यंत पुढे जायचे नाही. मग प्रत्येक प्रकारची बेरीज: बचत, चालू, मुदत ठेव, सोनेतारण, गृहकर्ज. समजा मुदत ठेवींवरील साठलेल्या व्याजाच्या बेरजेत तीनशे रुपयांचा फरक आला. घाबरायचे का? जुनी यंत्रणा व्याज चार दशांश स्थळांपर्यंत ठेवत होती, नवी दोनच ठेवते. म्हणजे एका खात्यामागे जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडेतिकडे होईल. नव्वद हजार खाती सगळीच व्याजाची धरली तरी हा फरक साडेचारशे रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. तीनशे रुपये त्यात बसतात. तरी नमुन्याची काही खाती उघडून खात्री करतात आणि कारण लिहून ठेवतात. पण फरक बरोबर चार लाख बारा हजारांचा असेल, तर तो असा कणाकणाने साठलेला नसतो. कुठेतरी एक ठेव राहिली आहे किंवा दोनदा भरली गेली आहे. फरकाचा आकार पाहून कारणाचा माग काढणे ही जुन्या हिशेबनिसांची विद्या इथे सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

बेरजा जुळल्या तरी काही गोष्टी रकमेत दिसत नाहीत. वारसाचे नामांकन, थांबवलेले चेक, खात्यावरचा धारणाधिकार, ज्येष्ठ नागरिकाने भरलेला १५एच. यातले काही हरवले तर त्या रात्री कोणाला कळत नाही. तीन महिन्यांनी एखाद्या आजींच्या व्याजातून कर कापला जातो, तेव्हा कळते.

आता सूचना. वरचे सगळे ठरलेले असेल, तर ती लिहायला अर्धा तास पुरतो. खातेदारांसाठीचा मसुदा साधारण असा व्हावा:

> आपली बँक नवीन संगणक प्रणालीवर जात आहे. त्यासाठी शुक्रवार, १२ तारखेला रात्री ११ पासून शनिवार, १३ तारखेला संध्याकाळी ६ पर्यंत मोबाईल ॲप, यूपीआय, एनईएफटी, आरटीजीएस आणि आयएमपीएस या सेवा बंद राहतील. शाखा शनिवारी व रविवारी नेहमीप्रमाणे बंद असतील.
>
> या काळात एटीएममधून दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत रोख काढता येईल. तेव्हा दिसणारी शिल्लक शुक्रवारी रात्री ११ ची असेल.
>
> १३ तारखेला वळता होणारा कर्जाचा हप्ता सोमवारी, १५ तारखेला वळता होईल. त्यासाठी दंड किंवा जादा व्याज लागणार नाही.
>
> आपला खाते क्रमांक, आयएफएससी, चेकबुक आणि एटीएम कार्ड बदलणार नाही. नवे ॲप डाउनलोड करण्याची गरज नाही. बँक आपल्याला कोणतीही लिंक पाठवणार नाही, ओटीपी किंवा पिन विचारणार नाही.
>
> अडचण आल्यास पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेल्या शाखेच्या क्रमांकावर फोन करा. शनिवार व रविवार सकाळी ८ ते रात्री १० आणि पुढील शुक्रवारपर्यंत याच वेळेत फोन घेतला जाईल. शनिवारी दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ वाजता कामाची स्थिती एसएमएसने कळवू. वेळ वाढली, तर ६ वाजण्याच्या आधी सांगू.

यातल्या प्रत्येक वाक्यामागे काहीतरी ठरवावे लागले आहे. पाच हजारांची मर्यादा पाहा. मुख्य यंत्रणा बंद असताना एटीएम पैसे कसे देते? शुक्रवारी रात्रीच्या शिलकांची एक यादी एटीएमच्या स्विचकडे दिलेली असते, आणि मधल्या काळात स्विच त्या यादीवरून उत्तर देतो. त्याने दिलेले पैसे नंतर नव्या यंत्रणेत नोंदवले जातात. यादी शिळी असल्यामुळे बँक मर्यादा घालते, म्हणजे चूक झालीच तर लहान होईल. एचडीएफसी बँकेच्या त्या शनिवारीही कार्डावर मर्यादित रक्कमच वापरता येणार होती, आणि दिसणारी शिल्लक आदल्या संध्याकाळी साडेसातची असेल, असे ग्राहकांना सांगितले होते. यूपीआय मात्र त्यांनी संपूर्ण काळ बंद ठेवले नाही. पहाटे तीन ते पावणेचार आणि सकाळी साडेनऊ ते पाऊण एवढेच बंद. पहिल्या खिडकीत व्यवहार तात्पुरत्या व्यवस्थेकडे आणि दुसऱ्या खिडकीत नव्या यंत्रणेकडे वळवले असावेत, असा अंदाज बाहेरून करता येतो. सेवावार वेळा दिल्या, तर दुकानदाराला सकाळी आठला गल्ला उघडता येतो. ‘काही सेवा खंडित राहू शकतात’ एवढेच लिहिले, तर तो दिवसभर अंदाजच बांधत बसतो.

वेळेबरोबर वार आणि तारीख दोन्ही हवेत. ‘शनिवारी रात्री बारापासून’ असे लिहिले, की निम्मे लोक शुक्रवार संपतानाची रात्र समजतात आणि निम्मे शनिवार संपतानाची. रिझर्व्ह बँकेने ००:०१ लिहिले, ते याच गोंधळाला टाळण्यासाठी उपयोगी पडते. ज्यांना चोवीस ताशी घड्याळाची सवय नाही, त्यांच्यासाठी रात्री अकरा ही वेळ मला जास्त सुरक्षित वाटते.

हीच सूचना सगळ्यांना पाठवून भागत नाही. दूध संघ दर दहा दिवसांनी उत्पादकांचे बिल काढतो. पहिल्या दहा दिवसांचे बिल बाराच्या रात्री किंवा तेराला जमा व्हायचे असेल, तर संघाच्या हिशेबनिसाला पंधरा दिवस आधी गाठून ‘फाइल शुक्रवारी दुपारी दोनच्या आत द्या’ असे सांगावे लागते. त्याला शिल्लक किती दिसेल यात रस नसतो, फाइल शेवटची कधी घेणार हे हवे असते. एटीएमची रोकड भरणाऱ्या कंपनीला सांगावे लागते की शुक्रवारी संध्याकाळी यंत्रे भरून ठेवा, कारण सूचना वाचून लोक आधीच पैसे काढतील. शाखेतल्या कर्मचाऱ्याला वेगळा कागद: ग्राहकाने काय विचारले तर काय उत्तर द्यायचे, आणि उत्तर माहीत नसेल तर कोणाला फोन करायचा. सॉफ्टवेअर कंपनी आणि आयटी विभाग यांच्या पत्रकात मात्र नावे, भ्रमणध्वनी, एकाने दहा मिनिटांत उचलला नाही तर दुसरा कोण, हे तासागणिक लिहिलेले असते. संपर्काचा रकाना भरला म्हणजे संपर्क झाला असे नाही. पहाटे चारला ज्याला उठवायचे आहे, त्याला ते आधी ठाऊक असले पाहिजे.

खातेदाराच्या सूचनेत मी मुद्दाम नवा क्रमांक ठेवलेला नाही. बँक बदलातून जात आहे हे जाहीर झाले, की भामट्यांनाही ते कळते. ‘नव्या प्रणालीसाठी केवायसी अद्ययावत करा’ असे संदेश, खोट्या ॲपच्या लिंका आणि बनावट मदतकेंद्रांचे क्रमांक फिरू लागतात. सूचनेत कोरा नवा क्रमांक असेल, तर खरा कोणता आणि खोटा कोणता हे ग्राहकाने ओळखायचे कसे? पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे आधीपासून छापलेला क्रमांक त्याच्या घरात असतो. तिकडेच बोट दाखवावे.

सूचना चोख असूनही सगळे कोसळू शकते, हे ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने दाखवले. एप्रिल २०१८ मध्ये लॉइड्सच्या यंत्रणेवरून आपल्या स्पॅनिश मालकाच्या, साबादेल बँकेच्या, यंत्रणेवर ती जाणार होती. ग्राहकांना आधी कळवले होते की शुक्रवारी, २० एप्रिलला दुपारी चारपासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत काही सेवा बंद राहतील. रविवारी संध्याकाळी यंत्रणा उघडली. डेटा बरोबर पोहोचला होता. पण लोक आत येऊ लागताच नवी यंत्रणा कोलमडली. अनेकांना आपल्याच खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्यांच्या खात्यांची माहिती दिसली. बँकेचे ग्राहक बावन्न लाख होते. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत एक कारण पुढे आले: दोन डेटा सेंटरपैकी एकाच ठिकाणी भाराची चाचणी झाली होती, आणि दोन्हींची जुळणी सारखी नव्हती. कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. ग्राहकांना भरपाई म्हणून ३ कोटी २७ लाख पौंड द्यावे लागले आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

या प्रकरणातून सूचनेपुरते घ्यायचे ते असे, की ‘सेवा सुरू होईल’ ही वेळ म्हणजे कामाचा शेवट नव्हे. खरा भार सोमवारी सकाळी येतो, शाखा उघडतात तेव्हा. म्हणून मदतीची व्यवस्था शनिवारी संध्याकाळी सहाला संपवायची नाही. जादा माणसे, वाढीव वेळ आणि दररोजची स्थिती निदान आठवडाभर चालू ठेवायची आणि तसे सूचनेत आधीच लिहायचे. टीएसबीच्या ग्राहकांना फोनवर ताटकळण्याचाही त्रास झाला. यंत्रणा पडली तेव्हा मदतकेंद्रही बुडाले. कटओव्हरच्या तयारीत मदतकेंद्राच्या खुर्च्या मोजणारी बँक क्वचितच दिसते.

तुमच्या बँकेकडून असा संदेश आला, तर आदल्या दिवशी पासबुक भरून घ्या किंवा खात्याचा उतारा काढून ठेवा. बंद काळाच्या कडेवर, म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात, मोठी रक्कम पाठवू नका. अडकणारे व्यवहार बहुधा तेव्हाचेच असतात. एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते आपणहून परत करायचे असतात. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे पोहोचले नाहीत, तर एका दिवसात. त्यापुढे प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. बँकेने प्रणाली बदलली म्हणून तो बदलत नाही. फसवणूक झाली असे वाटले तर लगेच १९३० वर फोन करा. आणि नव्या प्रणालीवरचे पहिले पासबुक हाती आले, की शिल्लक पाहून ते मिटू नका. नामांकन, ठेवीची मुदत आणि व्याजाचा दर जुन्या पावतीशी ताडून पाहा. फरक दिसला तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.